आजोबांच्या खरेदीखताच्या मागच्या बाजूला काय काय लिहिलंय

प्रश्न: नमस्कार काका, आजोबांनी १९६८ ला घेतलेल्या जमिनीच्या खरेदीखताचा फोटो गावच्या काकूंनी व्हॉट्सॲपवर पाठवलाय. पुढचा मजकूर कसाबसा वाचला पण मागच्या बाजूला नुसते शिक्के, अंगठे, सह्या, लाल शाईत 'फेर नं. ११२७' आणि कोपऱ्यात पेन्सिलने 'नि. ३४'. तारखाही चार वेगवेगळ्या. चुलतभाऊ म्हणतो तारखा जुळत नाहीत म्हणजे कागद बनावट आहे, आणि दुसरा म्हणतो कोर्टाचा शिक्का आहे म्हणजे जमीन कोर्टाने जप्त केली होती. मला काहीच कळेना. मागच्या पानांचेही फोटो सोबत जोडलेत. – एक वाचक, पिंपरी

उत्तर: तुमचे सातही फोटो मोठे करून दोनदोनदा बघितले. दोन्ही चुलतभावांचं म्हणणं या कागदावरून तरी निघत नाही. पण एक गोष्ट मात्र आहे जिच्याकडे तुमचं कुणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही, तिच्याकडे शेवटी येतो कारण आधीचं समजल्याशिवाय ती कळणार नाही.

जुना दस्त वाचताना शिक्का किती मोठा आहे किंवा किती गडद उमटलाय याने बिचकू नका. एक कोरा कागद घ्या आणि त्यावर दस्तातली प्रत्येक तारीख जुन्यापासून नव्यापर्यंत उतरवा, प्रत्येकीसमोर ती कुणाच्या हातची आहे ते लिहा. तुमच्या दस्तात असं दिसतं: स्टॅम्प विकत घेतला ९ फेब्रुवारी १९६८, दस्त लिहून दिला १४ फेब्रुवारी, सब-रजिस्ट्रारकडे हजर केला ३ जून, आणि नोंदणी पूर्ण झाल्याचा दाखला २२ ऑगस्ट. या चार तारखांवरूनच घरात भांडण लागलंय ना, तर त्या चारही वेगळ्या असणं हे त्या काळात अगदी रोजचं होतं.

पहिली तारीख स्टॅम्प वेंडरची. पहिल्या पानाच्या मागे बारीक अक्षरात अनुक्रम नंबर, तारीख, विकत घेणाऱ्याचं नाव, गाव, कशासाठी घेतला आणि वेंडरची सही आहे, तिथे तुमच्या आजोबांचं नाव स्पष्ट वाचता येतं. यातून एवढंच कळतं की हा कागद त्या दिवशी त्या माणसाने घेतला आणि सरकारचं शुल्क त्या रकमेपुरतं भरलं गेलं, जमिनीच्या मालकीबद्दल वेंडरची सही काहीच सांगत नाही. इथे बघायची गोष्ट एकच, स्टॅम्पची तारीख दस्ताच्या तारखेच्या आधीची किंवा त्याच दिवसाची हवी, कायद्याने फार तर पुढचा कामाचा दिवस चालतो. स्टॅम्प मार्चमधला आणि दस्त फेब्रुवारीतला असता तर मी पण कपाळाला हात लावला असता. तुमचा पाच दिवस आधीचा आहे, तेव्हा हे ठीक.

आता १४ फेब्रुवारी आणि ३ जून यात साडेतीन महिन्यांहून जास्त अंतर का? नोंदणी कायदा १९०८ चा आहे आणि त्याच्या कलम २३ मध्ये दस्त लिहून दिल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीसाठी हजर करायची मुभा आहे. १४ फेब्रुवारीपासून चार महिने म्हणजे १४ जून, आणि तुमच्या आजोबांनी ३ जूनला हजर केला म्हणजे अकरा दिवस शिल्लक असताना. उशीर झाला असता तरी दंड भरून आणखी चार महिने मिळायचे, मग दंडाची पावती किंवा शेरा मागे दिसला असता. तो नाहीये आणि त्याची गरजही नव्हती. आणि कलम ४७ मुळे नोंदणी कधीही झाली तरी दस्त लागू होतो तो लिहून दिल्याच्या तारखेपासून, त्यामुळे मधल्या महिन्यांनी तुमचा हक्क कमी होत नाही.

३ जूनच्या शेऱ्यातला मजकूर साधारण असा आहे की अमुक तारखेला ११ व १२ चे दरम्यान सब-रजिस्ट्रार कचेरीत दस्त आणून दिला, आणि खाली हजर करणाऱ्याची सही. तास लिहिणं हा कायद्याचाच भाग आहे, त्यामुळे '११ व १२' बघून घाबरू नका, ते पान नंबर नाहीत. एक छोटी पण कामाची तपासणी करा, ती तारीख कॅलेंडरवर कोणता वार होता ते बघा. ३ जून १९६८ सोमवार होता. रविवार निघाला असता तर मी तिथेच थांबून विचारलं असतं की कचेरी कशी उघडी होती, आजारी माणसाच्या घरी जाऊन दस्त घेतल्याचा वेगळा शेरा आहे का.

त्याच्याखाली जे सगळ्यात गर्दीचं आहे, अंगठे, दोन-तीन सह्या आणि 'ओळख देणार' वगैरे, ते सगळं मिळून एकच काम आहे. लिहून देणारा, म्हणजे विकणारा, सब-रजिस्ट्रारसमोर उभा राहिला, 'हा दस्त मी लिहून दिला, मजकूर कबूल' असं म्हणाला, आणि तो तोच माणूस आहे हे सांगायला ओळखीची दोन माणसं उभी राहिली. म्हणून तिथे ज्यांची नावं आहेत ते साक्षीदार आहेत असं समजून त्यांना शोधायला जाऊ नका, ते ओळखदार आहेत, दस्ताच्या शेवटी 'साक्ष' म्हणून ज्यांच्या सह्या आहेत ती माणसं वेगळी. विकणाऱ्याचा अंगठा आहे आणि त्याला 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा, हस्ते अमुक' असं लिहिलंय, म्हणजे त्याला सही येत नव्हती आणि कुणीतरी त्याचं नाव त्याच्या वतीने घातलं. यात काही वाकडं नाही. आणि फोटो का नाहीत असं चुलतभाऊ विचारतोय म्हणे, तर दस्ताला फोटो आणि बोटांचे ठसे लावायचा नियम २००१ चा आहे, १९६८ च्या दस्तावर फोटो असते तरच प्रश्न पडला असता.

या गर्दीतली एक ओळ मात्र नीट वाचून काढा, रकमेची. तुमच्या फोटोत मला 'रुपये अठराशे पूर्वी पोचले, कबूल' असं वाचता येतंय. याचा अर्थ पैसे कचेरीत मोजून दिलेले नाहीत, आधीच दिले आणि विकणाऱ्याने ते अधिकाऱ्यासमोर कबूल केले. कचेरीतच दिले असते तर 'समक्ष दिले' असं आलं असतं. दोन्ही चालतं. उद्या समोरचा म्हणाला की पैसेच मिळाले नव्हते, तर ही ओळ तुमच्या बाजूने उभी राहते.

मग जांभळ्या शाईचा गोल शिक्का आणि २२ ऑगस्ट. हा दाखल्याचा शिक्का आहे. 'नोंदला' असं लिहून त्याच्या शेजारी पुस्तक नंबर १, व्हॉल्यूम ८८, पाने २१३ ते २१६, अनुक्रम नंबर ४१२ असं आहे. पुस्तक नंबर १ म्हणजे स्थावर मिळकतीच्या दस्तांचं पुस्तक, मृत्युपत्रं पुस्तक नंबर ३ मध्ये जातात. ३ जूनला दस्त आत घेतला आणि अडीच महिन्यांनी दाखला, कारण त्या काळी कारकून तो दस्त शब्द न् शब्द हाताने पुस्तकात उतरवून घ्यायचा, मग तपासणी, मग दाखला, मग मूळ कागद परत. शेतीच्या दिवसांत तर लोक परत घ्यायलाही महिनोन् महिने जायचे नाहीत. शिक्क्यातल्या गोल अक्षरांत इंग्रजी बघून कुणी ब्रिटिश कागद आहे म्हणतंय, तर कायद्यानेच त्या शिक्क्यावर इंग्रजी आणि शिवाय इथली भाषा हवी असं सांगितलंय.

हा पत्ता, ८८ आणि २१३ ते २१६ आणि ४१२, या सगळ्या कागदातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. तो वहीत लिहून ठेवा, बायकोला पण सांगून ठेवा. कारण फोटोतला कागद बनावट आहे की नाही हे घरी बसून भावाशी वाद घालून कधीच ठरणार नाही, आणि सब-रजिस्ट्रार कचेरीत त्याच पानांवर त्याच दस्ताची प्रत बसलेली आहे, तिथे जाऊन ठरतं. पुस्तक नंबर १ कुणीही अर्ज करून फी भरून बघू शकतो आणि खरी नक्कल घेऊ शकतो, तुम्ही वारस आहात हे सिद्धही करावं लागत नाही. ऑनलाइन शोधून वेळ घालवू नका, इतकं जुनं तिथे मिळत नाही, तालुक्याला जाऊनच शोध घ्यावा लागतो. पान नंबर नसता तर गावाचं नाव आणि वर्ष सांगून सूची क्रमांक २ मधून शोधायला लावलं असतं, तुमच्याकडे पत्ताच आहे.

नक्कल हातात आली की ती मूळ दस्तासारखी दिसणार नाही, आणि इथे लोक पुन्हा गोंधळतात. सगळा मजकूर एकाच हातचा किंवा टाइप केलेला, जिथे सही तिथे नुसतं 'सही' आणि जिथे शिक्का तिथे गोल काढून आत 'शिक्का' एवढंच. खाली 'खरी नक्कल', अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि कोर्ट फीचं तिकीट, त्या तिकिटाला भोक पाडलेलं. भोक म्हणजे कुणी छेडछाड केली असं नाही, तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून पंच करून रद्द करतात.

आता लाल शाई. 'फेर नं. ११२७' हा फेरफार नंबर, तलाठ्याच्या हातचा. गाव नमुना ६ मध्ये ही खरेदी या नंबरने नोंदली एवढाच त्याचा अर्थ. इथे मी तुम्हाला जरा थांबवतो, कारण जवळजवळ प्रत्येक वारस इथे चुकतो. नंबर पडला म्हणजे नोंद मंजूर झाली असं समजू नका. तलाठी नोंद करतो, नोटीस जाते, आणि मग मंडळ अधिकारी, आपण ज्याला सर्कल म्हणतो तो, शेवटच्या रकान्यात शेरा मारतो. तो शेरा 'मंजूर' असू शकतो किंवा 'रद्द' असू शकतो, आणि दस्तावर लाल शाईत नंबर लिहिणारा तलाठी तो शेरा काही दस्तावर लिहायला येत नाही. म्हणून ११२७ नंबरच्या फेरफाराची प्रत काढा, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून मिळेल आणि 'आपले अभिलेख' वर स्कॅन केलेली असेल तर घरूनही. त्यात तारखा बघा, शेरा बघा, आणि सर्व्हे नंबर दस्ताशी जुळतो का बघा. तुमच्या दस्तात सर्व्हे नंबर आहे आणि आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असणार, एकत्रीकरणानंतर नंबर बदलले, त्यामुळे नंबर जुळला नाही म्हणून घाबरू नका, भूमी अभिलेख कार्यालयात जुळणीचा उतारा मिळतो. आणि फेरफार मंजूर असला तरी तो महसुलाची नोंद आहे, मालकी दस्ताने येते, फेरफाराने नाही.

आणि आता कोपऱ्यातलं 'नि. ३४'. चुलतभावाने ज्याला जप्ती म्हटलं ते हे. नि. म्हणजे निशाणी. कोर्टात दावा चालतो तेव्हा जो कागद पुराव्यात घेतला जातो त्याच्यावर असा नंबर पडतो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १३ प्रमाणे दाव्याचा नंबर, कुणी हजर केला, कधी हजर केला, पुराव्यात घेतला असं लिहून न्यायाधीश सही किंवा आद्याक्षर करतात. जप्तीचा हा शिक्का नाहीच. तुमच्या पाचव्या फोटोत डाव्या कडेला अगदी फिकट 'रे.मु.नं. २१५/७९' असं दिसतंय, हा दिवाणी दाव्याचा नंबर आणि साल, आणि त्याखाली १९८१ सालची एक तारीख. हीच ती गोष्ट जिच्याबद्दल सुरुवातीला म्हणालो.

म्हणजे १९७९ मध्ये या जमिनीबद्दल एक दिवाणी दावा लागला, १९८१ मध्ये हा दस्त त्यात पुरावा म्हणून घेतला गेला, आणि निकाल काय लागला हे तुमच्या घरात कुणालाच माहीत नाही किंवा कुणी सांगत नाही. बाकीचे सगळे शिक्के मिळून जे सांगतात त्यापेक्षा त्या निकालपत्रात जास्त असेल. दावा वाटपाचा असू शकतो, हद्दीचा असू शकतो, खरेदी रद्द करून मागणारा असू शकतो, आणि जो कोण हरला असेल त्याच्या वारसांना तो हुकूमनामा बांधतो. तुमचे दोन चुलतभाऊ ज्या शाखेतले आहेत ती शाखा त्या दाव्यात पक्षकार होती का, हे पण तिथेच कळेल, मला शंका आहे म्हणून सांगतोय, ठाम नाही म्हणत.

त्यामुळे क्रम असा ठेवा, आधी तालुक्याच्या दिवाणी कोर्टात २१५/७९ चा शोध. वकिलामार्फत अर्ज द्या, रेकॉर्ड विभागातून दाव्याच्या रजिस्टरमध्ये पक्षकारांची नावं, निकालाची तारीख आणि निकाल लागला की तडजोड झाली एवढं तर कळेलच, मग निकालपत्र आणि हुकूमनाम्याच्या नकला मागा. पुढे अपील झालं असेल तर ते वेगळ्या नंबरने जिल्हा कोर्टात असणार, त्याचाही विचार डोक्यात ठेवा. आणि एक बारीक निरीक्षण करा, मूळ दस्त तुमच्या घरात आहे म्हणजे दावा संपल्यावर कुणीतरी तो कोर्टातून परत घेतलाय. काकूंना विचारा की कोर्टाची परत मिळाल्याची पावती किंवा इतर कागद हा दस्त ज्या पेटीत होता त्याच पेटीत आहेत का. आजोबांनीच हजर केला असेल तर परत त्यांनाच मिळाला, सरळ गोष्ट. पण समोरच्यांनी हजर केला असं लिहिलं असेल तर मूळ कागद त्यांच्याकडे का होता हा प्रश्न उभा राहतो, गहाण होता का, वाटणीत कुणाकडे गेला होता का.

अजून एक गोष्ट ज्याचं उत्तर कुठल्याच शिक्क्यात नाहीये. सब-रजिस्ट्रारने माणूस कोण आहे ते बघितलं, तो जमिनीचा मालक होता की नाही ते त्याने तपासलेलं नाही, ते त्याचं कामही नव्हतं. विकणाऱ्याचा हिस्सा एक तृतीयांश असेल आणि त्याने सगळा सर्व्हे नंबर विकला असेल तर दाखला अगदी कोरा करकरीत असला तरी भावांच्या हिश्श्यापुरता वाद राहतोच, आणि १९७९ चा दावा याच कारणाने लागला असेल तर मला नवल वाटणार नाही. त्यासाठी १९६८ च्या आधीचे सातबारे आणि विकणाऱ्याचं नाव ज्या फेरफाराने लागलं तो फेरफार काढा. तसंच १९६८ नंतर आजोबांनी किंवा तुमच्या वडिलांच्या पिढीने यातला तुकडा कुणाला विकला का, त्याचाही शोध सब-रजिस्ट्रार कचेरीत घ्या, पेटीत दस्त आहे याचा अर्थ जमीन अजून आपलीच आहे असा होत नाही, विकल्यावरही जुना दस्त घरातच पडून राहिलेली घरं मी खूप बघितलीत.

फोटोबद्दल थोडं. फोटो पुरावा नाही, आणि व्हॉट्सॲपवर तो दाबला जाऊन फिकट शिक्के पुसट होतात, म्हणून काकूंना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फ्लॅश नको, कागद खिडकीशी सपाट ठेवून बाजूने उजेड पडेल असा, आणि प्रत्येक पानाची मागची बाजू पण, कोरी वाटली तरी. स्टॅम्पचं पान उजेडासमोर धरून एक फोटो घ्या, आतलं पाणीचिन्ह दिसतं. मूळ दस्त पन्नासहून जास्त वर्षांचा आहे, आणि तीस वर्षांपेक्षा जुना मूळ कागद जिथे असायला हवा तिथून निघाला तर त्यावरच्या सह्या आणि अक्षर खरं आहे असं कोर्ट गृहीत धरू शकतं, पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ९० होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ९२ आहे. कुठून निघाला हे महत्त्वाचं असतं, म्हणून काकूंच्या घरातली आजोबांची पेटी हे ठिकाण लिहून ठेवा, कोणासमोर निघाला तेही. हे फक्त मूळ कागदाला, झेरॉक्सला नाही.

आणि कृपा करून लॅमिनेट करू नका. माझ्या मामांनी आमच्याकडचा एक मूळ दस्त चांगला राहावा म्हणून जवळच्या दुकानात लॅमिनेट केला, त्यानंतर मागचा शिक्का कधी नीट वाचता आला नाही, आणि पुढे तो वर्षभर घरात रुखरुखीचा विषय होता. सेलोटेप नको, स्टेपल नको, फिकट अक्षरांवर पेन फिरवणं तर अजिबातच नको, ते एकच अक्षर पूर्ण दस्ताला संशयात घालतं. साध्या कागदी फाइलमध्ये सपाट ठेवा आणि घडी पडलीय तिथे पुन्हा घडी घालू नका.

भावाला एवढं सांगा की तारखा जुळतात, आणि २१५/७९ चं निकालपत्र हाती येईपर्यंत कुठल्याही वाटणीपत्रावर सही करणार नाही. निकालपत्राच्या नकलेचा फोटो आला की पाठवा, त्यात जमिनीचं वर्णन आणि आदेशाचा शेवटचा परिच्छेद मी वाचून सांगतो.